पिंपल काढायचा, कातडी नाही

*"दादा, ताईच्या साखरपुड्याचा क्लोजअप आहे, नागपुरातच मे महिन्यात काढलेला. गालावर दोन पिंपल आहेत, एक ओठाच्या कडेला. फोटोशॉपमध्ये काढले की तिथे गुळगुळीत डाग दिसतो. काय चुकतंय?"*

भाऊ, बहुतेक तुमचा ब्रश फार मऊ आहे. मऊ कडेवर जुनी आणि नवी रंध्रं अर्धीअर्धी मिसळतात आणि तिथेच पोत पुसट होतो. Healing Brush ची Hardness ८०-९० टक्क्यांवर न्या आणि आकार पिंपलपेक्षा जेमतेम मोठा ठेवा. काम नव्या रिकाम्या लेयरवर करा, Sample मध्ये Current & Below निवडा, म्हणजे मूळ फोटोला हात लागत नाही.

खरी मेहनत नमुना कुठून घ्यायचा यात आहे. Healing Brush पोत नमुन्याचा घेतो आणि रंग-उजेड आजूबाजूच्या कातडीशी जुळवतो. म्हणून नमुना त्याच गालावरचा, पिंपलच्या अगदी जवळचा हवा. नाकाजवळची रंध्रं मोठी असतात, गालावर बारीक लव असते आणि तिला दिशा असते. कपाळाची कातडी गालावर आणली की रंग जुळूनही ठिगळ कळतं. शिवाय आपल्या मे महिन्यात चेहऱ्यावर घाम चमकतोच. त्या चकाकीतून नमुना घेतला तर पांढरे ठिपकेही सोबत येतात. प्रत्येक पिंपलसाठी Alt दाबून नवा नमुना घ्या, नाहीतर तीच रंध्रं दोनदा दिसतील.

आता गालावरचा पिंपल. त्याला एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला छोटी सावली आणि भोवती लालसर कडं असतं. ब्रशने फक्त उंचवटा आणि त्याची सावली काढा. लाल भागातली रंध्रं चांगली आहेत, ती कशाला घालवायची? त्यासाठी वर दुसरा लेयर घ्या, त्याचा मोड Color करा, शेजारच्या कातडीचा रंग उचला आणि मऊ ब्रशने १५ टक्के Opacity वर हळूहळू मारा. इथे मऊ ब्रश चालतो, कारण Color मोड फक्त रंग बदलतो, उजेड-सावली खालचीच राहते. पण लाल जागा थोडी काळपटही असेल, तर रंग गेल्यावर राखाडी छटा उरते. तेवढ्या जागी Curves ने किंचित उजेड वाढवा.

ओठाजवळ मात्र Healing Brush ओठाचा रंग कातडीत ओढतो. आधी Lasso ने फक्त कातडीचा भाग निवडा, ओठ बाहेर ठेवा आणि मगच ब्रश चालवा.

तीळ किंवा जुना व्रण असेल तर ताईला विचारल्याशिवाय काढू नका. पिंपल आठवड्यात जातो, तीळ तिचा आहे.

काम १०० टक्के झूमवर तपासा. ३०० वर बसलात की प्रत्येक रंध्र दोष वाटू लागतं आणि नको तेवढं पुसलं जातं. हीलिंग लेयरचा डोळा चालू-बंद करा: पिंपल सोडून आणखी काही बदललेलं दिसलं, तर मास्क लावून तेवढा भाग परत आणा.