पन्नाशीतला परवाना आणि फोटोखालची ओळ

«मला नुकतीच पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि गेल्या आठवड्यात गाडीचा पक्का परवाना पोस्टाने घरी आला. त्याचा फोटो सगळ्यांना दाखवायचा आहे, पण खाली काय लिहू ते सुचत नाही. गमतीने लिहायला जावे तर माझेच हसे होते आणि कौतुकाने लिहावे तर वाटते, लोक म्हणतील, या वयात कसले मिरवते आहे. खरे सांगायचे तर अजून मी एकटीने गाडी बाहेर काढलेली नाही. स्टिअरिंगला हात लावला की तळवे ओले होतात.»

तुमच्या पत्रातले शेवटचे दोन वाक्य मी आधी घेते, कारण ओळ न सुचण्याचे कारण बहुधा तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या एक शिक्षिका माझ्याकडे अगदी अशाच अडचणीत आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांची हकीकत सांगते. शाळेत त्यांना सगळे बाईच म्हणत, म्हणून इथेही बाईच म्हणते.

बाईंनी फोटोसाठी ओळ तयार करून आणली होती: «सावधान! सातारकरांनो, आज घरातच थांबा, मी गाडी घेऊन निघाले आहे.» मी त्यांना ती मोठ्याने वाचायला सांगितले. वाचून झाल्यावर त्या हसल्या नाहीत. विनोद म्हणून लिहिलेली ती ओळ खरे तर आगाऊ मागितलेली माफी होती. कोणी नावे ठेवण्याआधी आपणच ठेवून मोकळे व्हावे, म्हणजे लागत नाही, हा हिशेब त्यामागे होता. पन्नाशीत नवे काही शिकलेल्या बायकांच्या बोलण्यात हा सूर मला वारंवार ऐकू येतो, आणि खरे सांगायचे तर पुरुषांच्या बोलण्यात फारसा येत नाही. अशा थट्टेत भीती सुखरूप सुटते आणि हसू होते ते माणसाचे.

मग मी विचारले की नेमकी भीती कशाची वाटते. अपघाताची, असे उत्तर मी धरून चालले होते. बाई म्हणाल्या, «चढावर गाडी बंद पडेल आणि मागचे हॉर्न वाजवतील.» सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर वसलेले गाव आहे, तिथे चढ टाळून कुठे जाणार? परवान्याच्या परीक्षेत त्या पास झाल्या होत्या, शिकाऊ परवान्याच्या सहा महिन्यांत ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर चढही चढल्या होत्या. पण त्या गाडीत शिकवणाऱ्या सरांच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच होता. त्यामुळे जमले की बाईंचे मन म्हणे, हे सरांच्या पायाने केले, आणि चुकले की म्हणे, हे मात्र माझेच. आधाराच्या वस्तूंचा हाच तोटा असतो. त्यांच्यामुळे काम होते, पण ते आपण केले असा पुरावा मनाजवळ जमा होत नाही. पुढे घरच्या गाडीत शेजारी यजमान बसू लागले आणि क्लचऐवजी त्यांचा «अगं, ब्रेक!» सुरू झाला, तेव्हा उरलासुरला पुरावाही गेला.

आम्ही उपदेश बाजूला ठेवून एक वही घातली. तिच्यात गाडी काढण्यापूर्वी दोन गोष्टी लिहायच्या: काय होईल असे वाटते, आणि शून्य ते शंभरात भीती किती. परत आल्यावर, प्रत्यक्ष काय झाले ते. यजमानांना विनंती करून घरी ठेवले आणि पहिले काही दिवस शेजारी परवाना असलेली मुलगी बसली, तीही फक्त घड्याळ बघायला, सूचना द्यायला नव्हे. रविवारी सकाळी साडेसहाला, वाहतूक नसताना, राजवाड्याच्या बाजूचा एकच चढ ठरवला. कृती सरांनी शिकवलेलीच होती: हॅन्डब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू इतका सोडायचा की इंजिनाचा आवाज जड होईल आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटेल, मग थोडा अॅक्सिलरेटर, आणि त्यानंतरच हॅन्डब्रेक खाली. बाई घाईने आधी हॅन्डब्रेक सोडत आणि मग क्लच एकदम सोडत, म्हणून गाडी बंद पडत असे. म्हणजे नड हिमतीची नव्हती, क्रमाची होती.

पहिल्या रविवारच्या पानावर असे आहे: «अंदाज: गाडी मागे घसरून कुणाला तरी धडकेल, लोक शिव्या देतील. भीती ९०.» आणि खाली: «तीनदा बंद पडली. दुधाच्या गाडीचा एक हॉर्न. एक रिक्षावाला बाजूने निघून गेला, माझ्याकडे बघितलेही नाही.» बाईंना वाटले होते की आपण पाच मिनिटे रस्ता अडवला. मुलीच्या घड्याळात ते बावीस सेकंद भरले. हा बावीसचा आकडा त्यांनी पुढे कितीदा तरी उच्चारला. माझ्या कुठल्याही समजावण्यापेक्षा त्याने जास्त काम केले.

एकच नियम मी कडक ठेवला होता. भीती सर्वांत जास्त असताना घरी परतायचे नाही. गाडी सुरक्षित कडेला लावून थांबायचे आणि आकडा निम्म्यावर आला की तोच चढ पुन्हा घ्यायचा. भीतीच्या टोकावर माघारी फिरले की सुटका झाल्याचा आनंद होतो आणि मन शिकते की पळाल्यामुळे वाचलो. चौथ्या रविवारी मुलगी फाटकाशीच उतरली. बाई एकट्या गेल्या, दोनदा गाडी बंद पडली, वर पोहोचल्या, आणि वहीत भीती ४० लिहून पुढे कंसात «तळवे ओलेच» असे लिहिले. तळवे ओले असतानाही गाडी चढते, हे त्यांना पाहायला मिळाले.

तुम्हीही हे असेच करा. ओळीची घाई नको. आधी असा एखादा आपला रस्ता एकटीने करून या. मात्र पूर्वी अपघात झाला असेल आणि गाडीत बसताच तोच प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहत असेल, किंवा चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर वही पुरेशी नाही. आधी डॉक्टरांना आणि मग समुपदेशकाला भेटा. धीर यावा म्हणून गुंगीची गोळी घेऊन गाडी चालवणे तर कधीच नको.

बाईंनी दुसऱ्यांदा ओळ आणली ती वहीतूनच आली होती. पन्नास पूर्ण झाल्यावर मिळालेला परवाना साठाव्या वर्षापर्यंत चालतो, हे कार्डावरच्या तारखेवरून त्यांच्या लक्षात आले होते आणि त्याची त्यांना फार गंमत वाटत होती. त्यांनी लिहिले: «वय ५०. चढावर गाडी अकरा वेळा बंद पडली, बाराव्यांदा चढली. भीतीला शेजारच्या सीटवर बसवले आहे, पट्टाही लावला आहे, पण क्लच माझ्या पायाखाली आहे. परवाना साठीपर्यंतचा आहे, तेव्हा मागच्यांनी जरा दमाने घ्यावे.»

यात थट्टा भीतीची आहे, हॉर्न वाजवणाऱ्यांचीही आहे, आणि अकरा हा आकडा लपवलेला नसल्यामुळे बाराव्याचा अभिमान वेगळा सांगावा लागत नाही. त्याखाली पहिले उत्तर आले ते त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे: «बाई, आम्हाला बाराचा पाढा तुम्ही असाच अकरा वेळा म्हणायला लावला होता.»