सिलिंडर लावल्याची तारीख लिहा, आल्याची नाही

प्रश्न: गॅसचा रोजचा खर्च काढायला सिलिंडरची किंमत भागिले दिवस एवढंच करायचं का? माझा आकडा दर वेळी वेगळाच येतो.

हो, भागाकार तोच. पण तुमचे दिवस चुकत असणार, किंमत नाही.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण याच भागाकारावरून मी आमच्या घरात चार महिने ‘हात सैल असलेली’ ठरले होते. आम्ही एकत्र राहतो, स्वयंपाकघर एकच. मी मोठी जाऊ. ठरलेलं असं होतं की एक सिलिंडर आम्ही आणायचा, पुढचा धाकट्या दिरांनी, आणि ज्याचा सिलिंडर शेगडीला लागलाय त्या घरच्या बाईने स्वयंपाक पाहायचा. म्हणजे माझा सिलिंडर संपेपर्यंत माझी पाळी, मग जाऊबाईंची. कल्पना भाऊजींचीच. त्यांना हिशेबाची भारी हौस. सिलिंडर आला की पावती घ्यायची, कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायचा, आणि पुढचा गोल झाला की मधले दिवस मोजायचे.

एका संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, तुमच्या हातात सिलिंडर वीस दिवस जातो, आमच्याकडे छत्तीस.” गोल खरे होते. माझा सिलिंडर आला 20 मार्चला, त्यांचा 9 एप्रिलला, त्यानंतरचा 15 मेला. सोयीसाठी किंमत 900 धरा. 900 भागिले 20 म्हणजे माझा दिवसाचा खर्च 45, आणि 900 भागिले 36 म्हणजे जाऊबाईंचा 25. जवळजवळ दुप्पट! मला उत्तरच सुचेना. ह्यांनी तर त्या दिवसापासून मी मोठा बर्नर लावला की मागे येऊन उभं राहायला सुरुवात केली.

आमच्याकडे टाक्या दोन आहेत, एक लावलेली आणि एक भरून ठेवलेली. तुमच्याकडेही दोन असतील तर घोळ इथेच आहे. सिलिंडर दारात आला त्या दिवशी जळायला लागत नाही. तो कोपऱ्यात उभा राहतो, आणि किती दिवस उभा राहील हे आधीचा कधी संपतो यावर ठरतं. रिकामी टाकी बदलून द्यायला उशीर झाला की पुढचा गोल लांबतो, लवकर झाली की जवळ येतो. भाऊजी दोन गोलांमधलं अंतर मोजत होते. त्या अंतराचा माझ्या शेगडीशी काहीच संबंध नव्हता.

हे मला कळलं ते नशिबाने. टाकी लावली की दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख लिहायची सवय मला आधीपासून होती. 20 मार्चला आलेला माझा सिलिंडर लागला होता 2 एप्रिलला. तो संपून त्यांचा लागला 5 मेला, आणि त्यांचा संपून पुढचा लागला 4 जूनला. आता मोजा. 2 एप्रिल ते 5 मे, म्हणजे 33 दिवस. 5 मे ते 4 जून, 30 दिवस. लावल्याचा दिवस धरायचा, बदलल्याचा सोडायचा, कारण तो पुढच्या टाकीच्या खात्यात जातो. दोन्ही धरले की दर वेळी एक दिवस फुकटचा वाढतो. माझा खर्च 900 भागिले 33, म्हणजे 27.27. जाऊबाईंचा 900 भागिले 30, म्हणजे 30. मी दाराचं फळकूटच भाऊजींना उघडून दाखवलं. ते म्हणाले, “पेन्सिल काय, कुणीही लिहू शकतं.” असो.

किंमत मात्र त्याच टाकीला मोजलेली धरा, आजची नाही. पोचवणाऱ्याला वेगळे दिले असतील तर तेही मिळवा. नवीन जोडणी घेताना टाकी आणि रेग्युलेटरसाठी भरलेली अनामत यात घालू नका.

संपायची वाट न पाहता खर्च हवा असेल तर वजन करा. टाकीवर रिकामीचं वजन कोरलेलं असतं. समजा ते 15.3 किलो आहे आणि लावताना काट्यावर 29.3 भरलं, म्हणजे आत गॅस 14 किलो. वीस दिवसांनी रेग्युलेटर काढून पुन्हा काट्यावर ठेवली आणि 21.3 आलं, तर 8 किलो जळला, दिवसाला 400 ग्रॅम. 900 भागिले 14 केलं की किलोचा भाव साधारण 64.30 येतो, म्हणून दिवसाचे 25.70. उरलेले 6 किलो त्याच चालीने अजून 15 दिवस जातील. काटा नसेल तर टाकीच्या अंगावर एका बाजूने गरम पाणी ओता आणि हात फिरवा. जिथून खाली पत्रा गार लागतो तिथपर्यंत आत द्रव आहे. पण त्यातून वजन कळत नाही, नुसता अंदाज येतो.

थंडीत आणखी एक फसवणूक होते. आतला द्रव उकळून त्याचा वायू होतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीच्या पत्र्यातूनच घेतली जाते. टाकी गार असली की वायू पुरेसा बनत नाही, ज्योत बारीक होते आणि ‘संपला’ म्हणून लोक टाकी बदलतात. अशी टाकी परत देण्याआधी एकदा वजन करून पाहा. कोरलेल्या आकड्यापेक्षा काटा बराच वर असेल तर ती संपलेली नाही. तिला आगीजवळ मात्र नेऊ नका, खोलीतच राहू द्या.

दिवस अचानक पाच-सात कमी झाले आणि घरात माणसं तेवढीच असतील, तर हिशेब नंतर करा, आधी नळीच्या आणि रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी पेटवून बघणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याविषयी बोलायचं नाही.

आता जे मी तेव्हा सांगितलं नाही ते सांगते. घरात आम्ही सातजण. माझ्या 33 दिवसांत सातच होतो, म्हणजे 231 माणूसदिवस. जाऊबाईंच्या 30 दिवसांत त्यांची बहीण दोन मुलांना घेऊन दहा दिवस होती. 210 अधिक 30, म्हणजे 240. माणशी दिवसाचा खर्च माझा 3.90 आणि जाऊबाईंचा 3.75. म्हणजे काटकसरी त्याच निघाल्या. पण हा फरकही फारसा खरा नाही. माझी टाकी एक दिवस जास्त गेली असती तर माझाही आकडा 3.78 वर आला असता, आणि टाकी सकाळी संपली की रात्री एवढ्यानेही अर्धा दिवस इकडे-तिकडे होतो. एका टाकीवरून कोणाचा हात सैल ते ठरत नाही. पाच-सहा टाक्यांची किंमत एकत्र करा आणि त्यांच्या एकूण दिवसांनी भागा. इतक्या लांबच्या हिशेबात भाऊजींचे गोलसुद्धा जवळपास बरोबर उत्तर देतात, कारण उभं राहण्याचे दिवस एकमेकांत जिरतात. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

दाराच्या मागे आता कागद चिकटवलाय, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे. रकाने तीन: लावली, संपली, माणसं. पहिले दोन भाऊजी चोख भरतात. त्यांची मेहुणी आली की तिसरा कोरा राहतो.