दुपारची झोप सुटली की भीती बसली?

प्रश्न: मुलगा १९ महिन्यांचा आहे. दोन आठवडे झाले, दुपारी झोपायला तयारच नाही, खोलीत नेलं की रडतो. त्याची दुपारची झोप सुटली असं समजायचं का?

नाही. बहुतेक मुलांची दुपारची झोप तीन वर्षांनंतर सुटते. या वयात दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. पाच वाजता तो कारण नसताना आदळआपट करत असेल, सहाला खांद्यावर पेंगत असेल, तर झोप हवी आहे, पण येऊ देत नाहीये.

माझी मुलगी २० महिन्यांची असताना हेच झालं. रोज दोनच्या सुमारास किंचाळायची, माझा गाऊन सोडायची नाही. दाढा येत असतील म्हणून मी आठवडाभर हिरड्याच बघत बसले. मग एकदा लक्षात आलं, खालून भंगारवाल्याची आरोळी आली की ती खिडकीकडे बोट दाखवून "बुवा" म्हणते. आमच्या आत्येसासूबाई तेव्हा राहायला आल्या होत्या. मी जवळ नसले की त्या तिला सांगायच्या, "झोप, नाहीतर बघ, बुवा न्यायला आला." या वयात मुलं मनात चित्रं रंगवायला लागतात, पण खरं-खोटं वेगळं करता येत नाही. डोळे मिटले की आई दिसत नाही आणि बुवा खालीच उभा! ती झोपणार कशी?

मी तिला कडेवर घेऊन खाली गेले. हातगाडी दाखवली, तराजू दाखवला, तिच्या हातानं रद्दी द्यायला लावली. पलंगाखाली वाकून "बघ, बुवा नाही" असलं काही केलं नाही. शोधायला गेलं की तो असतो, असंच मुलांना वाटतं. बाराला जेवण, साडेबाराला पडदे ओढून अंथरुणावर, म्हणजे आरोळीच्या आधी झोप लागलेली. तीनला उठवायचंच, नाहीतर रात्रीचे अकरा वाजतात. ज्या दिवशी झोपलीच नाही, त्या दिवशी रात्री सव्वासातला आडवी. बाराएक दिवसांत गाडी रुळावर आली.

आत्येसासूबाई म्हणाल्या, "आमची चार पोरं अशीच झोपवली." झोपवली नाहीत, घाबरवून गप्प केली. हे मी तेव्हा बोलले नाही, त्याचं आजही वाईट वाटतं. तुमच्या घरी बुवा, पोलीस, डॉक्टरची सुई यांपैकी कोण दाखवतं ते आधी शोधा आणि मोठी माणसं असली तरी स्पष्ट सांगा.

आमच्याकडे बुवा होता, तुमच्याकडे मिक्सर किंवा कुकरची शिट्टीही असेल. पण मुलगा रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि रात्री झोपल्यावर दोनेक तासांत डोळे उघडे ठेवून किंचाळला, तुम्हाला ओळखेना, तर गदागदा हलवून जागं करू नका. पडणार-लागणार नाही एवढं बघत शेजारी बसा, तो आपोआप परत झोपतो.