स्वागत कुणाचं, चर्चा कशाची

सप्रेम आशीर्वाद.

वेगवेगळ्या धर्मांच्या अभ्यासकांच्या परिषदेसाठी लिहिलेल्या स्वागतभाषणाचा तुझा मसुदा वाचला. भाषा चांगली आहे, पण अडचण पहिल्याच परिच्छेदात आहे, म्हणून थेट तिथूनच सुरू करतो. ‘सर्व धर्म शेवटी एकाच सत्याकडे नेतात, म्हणूनच आपण इथे जमलो आहोत,’ असं तू लिहिलं आहेस. वाक्य सगळ्यांना कवेत घेणारं वाटतं खरं, पण समोर बसलेल्या कित्येकांच्या वतीनं तू परस्पर निकाल देऊन टाकला आहेस. आपल्या धर्माचा मार्ग हाच मुक्तीचा एकमेव मार्ग, असं मनापासून मानणारे अभ्यासक त्या सभागृहात असतील. ईश्वर न मानणाऱ्या परंपरेतले असतील. कुठलाच धर्म न पाळता धर्माचा अभ्यास करणारेही असतील. सगळे मार्ग एकाच ठिकाणी पोचतात, हे स्वतःच एक धर्मशास्त्रीय मत आहे. एखाद्या सत्रात त्यावर कडाडून वाद व्हावा. यजमानानं ते स्वागतातच गृहीत धरलं, तर ज्यांना ते पटत नाही ते पहिल्या मिनिटालाच पाहुण्यांऐवजी आरोपी होतात.

हा पेच नवा नाही. शिकागोची 1893 ची सर्वधर्म परिषद आपल्याला आठवते ती विवेकानंदांच्या भाषणामुळे. त्या परिषदेचं निमंत्रण कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, एडवर्ड बेन्सन यांनी नाकारलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता: ख्रिस्ती धर्म हाच खरा एकमेव धर्म आहे; तो अशा परिषदेचा एक सदस्य झाला, तर बाकीचे धर्म त्याच्या बरोबरीचे आहेत आणि त्यांचे दावेही तोलामोलाचे आहेत, हे आपोआप मान्य केल्यासारखं होईल. हेकट म्हणून हा माणूस बाजूला सारता येतो, पण त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तुझ्याही सभागृहात दहा-पंधरा जणांच्या मनात तो असणार. त्याचं उत्तर स्वागतातच द्यावं. मी असं म्हणेन: ‘इथे येऊन बसल्यानं कुणी दुसऱ्याचा दावा मान्य केला असं होत नाही, आणि स्वतःचा सोडला असंही होत नाही. बोलण्याचा हक्क इथे सगळ्यांना सारखा आहे. सिद्धान्त सारखे आहेत का, हा चर्चेचा विषय आहे. ती चर्चेत बसण्याची अट नाही.’ एवढं सांगितलंस की एकत्वाचा तो अख्खा परिच्छेद निर्धास्तपणे काढून टाक.

शिकागोच्या आयोजकांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती, आणि तिची नक्कल करण्याचा मोह तुला पडेल. प्रत्येकानं आपल्या धर्माची बाजू मांडायची, दुसऱ्याच्या धर्मावर टीका करायची नाही. हजारो श्रोत्यांच्या सभेला हा नियम शोभतो. विद्वत्परिषदेत शोधनिबंध वाचला जातो तो कुणीतरी त्याला हरकत घ्यावी म्हणून. हरकतीलाच बंदी घातलीस, तर दोन दिवस एकामागून एक परिचयपर भाषणं होतील आणि जो तो आपला विषय जसा आणला तसा परत घेऊन जाईल.

म्हणून भाषणाचा कणा म्हणजे व्याप्ती. इथे कोणत्या प्रकारच्या प्रश्नांवर बोलणं होणार, ते स्पष्ट सांग. ढोबळपणे तीन प्रकार पडतात. एखादा ग्रंथ, विधी किंवा संस्था केव्हा आणि कशी घडली, हा पुराव्याचा प्रश्न. त्या गोष्टीचा तिच्या अनुयायांना काय अर्थ वाटतो, हा समजुतीचा प्रश्न. आणि ते शिकवणं खरं आहे का, हा सत्याचा प्रश्न. तिन्ही प्रश्न परिषदेत चालतील. फक्त बोलताना आपण कोणत्या प्रश्नावर आहोत, ते बोलणाऱ्यानं सांगावं. परिषदांमधली बरीचशी भांडणं मतभेदातून होत नाहीत. एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि दुसरा ते तिसऱ्या प्रश्नाचं समजून ऐकतो, तिथे ठिणगी पडते.

उदाहरण घे. कुणीतरी निबंध वाचतं की अमुक धर्मग्रंथाचा एक भाग परंपरा मानते त्याहून बऱ्याच उशिरा रचला गेला असावा. आधार म्हणून त्या भागातली शब्दरूपं आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो भाग नसणं. प्रश्नोत्तरांत एक प्रतिनिधी उठतात आणि आवाज चढवून म्हणतात, ‘आमची परंपरा हे मुळीच मानत नाही.’ नियम नसेल तर सत्राध्यक्ष कसनुसं हसून ‘दोन्ही बाजूंचा आदर ठेवू या’ म्हणतात आणि पुढच्या वक्त्याला बोलावतात. निबंधाची चर्चा तिथेच संपते, आणि दोघंही अपमान झाला असं समजून चहाला जातात.

व्याप्ती आधी सांगितलेली असेल तर अध्यक्षांना विचारता येतं, ‘आपली हरकत या पुराव्यावर आहे की ग्रंथाला असा पुरावा लावण्यावरच?’ उत्तर दोनपैकी एक येतं. ‘ही शब्दरूपं जुन्या भागातही सापडतात,’ असं ते म्हणाले, तर सत्राला हवा होता तोच वाद सुरू झाला. ‘ईश्वरी वाणीला माणसाच्या मोजपट्टीनं काळ लावता येत नाही,’ असं म्हणाले, तर तीही वैध भूमिका आहे. ती गृहीतक म्हणून नोंदवायची, पुराव्याचं खंडन म्हणून नाही. आणि समज, उलट बाजूनं निबंधवाचकच म्हणाला, ‘म्हणजे शतकानुशतकं भक्तांची फसवणूकच झाली,’ तर त्यालाही त्याच सुरात थांबवायचं. रचना उशिराची आहे एवढंच त्याच्या पुराव्यातून निघतं. ती पवित्र आहे की नाही, हे त्यातून निघत नाही. नियम दोन्हीकडे सारखाच चालतो हे पहिल्याच सत्रात दिसलं, की पुढच्या अध्यक्षांचं काम निम्मं होतं.

व्याप्तीच्या बाहेर काय, तेही दोन वाक्यांत सांगून टाक. व्यासपीठावरून धर्मांतराचं आवाहन नको. आणि कोर्टात चालू असलेल्या किंवा निवडणुकीत वाजणाऱ्या वादांचा निवाडा इथे होणार नाही. कारणं देत बसू नकोस.

आता नियम. ‘कुणाच्याही भावना दुखावतील असं बोलू नये’ हे तुझं वाक्य मी लाल शाईनं खोडलं आहे. हेतू चांगला आहे, पण या नियमाची कळ ज्याला सर्वांत लवकर दुखतं त्याच्या हातात जाते. शिवाय अध्यक्षांना तो लावता येत नाही, कारण समोरच्याच्या मनात काय झालं हे त्यांना दिसत नाही. नियम दिसणाऱ्या गोष्टीवर बेतलेला असावा. मी दोनच सुचवतो.

पहिला असा: दुसऱ्याच्या भूमिकेवर टीका करण्याआधी ती भूमिका आपल्या शब्दांत मांडायची, आणि ‘हो, मला हेच म्हणायचं आहे’ असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं. याला अर्धं मिनिट लागतं. यामागे धर्माभ्यासातलं जुनं तत्त्व आहे. धर्मांचे अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1959 मध्ये मांडलं होतं की एखाद्या धर्माबद्दलचं विधान त्याच्या अनुयायांना मान्य होत नसेल, तर ते विधान ग्राह्य धरता येत नाही. पण हे तत्त्व जसंच्या तसं भाषणात घालू नकोस. श्रद्धेच्या अर्थाबद्दल ते लागू पडतं. हस्तलिखिताचा काळ मात्र अनुयायांच्या संमतीनं ठरत नाही. शिवाय एकाच धर्मातले दोघे जण एकमेकांचं विधान अमान्य करतात, तेव्हा कुणाचं धरायचं? म्हणून आपला नियम अख्ख्या धर्माची नाही, समोर बोललेल्या माणसाची संमती मागतो. यातही एक पळवाट आहे. काही जण ‘नाही, तुम्हाला कळलंच नाही’ असं म्हणत टीका कायमची लांबवतात. म्हणून दुरुस्ती एकदाच. मग टीका सुरू.

दुसरा नियम क्रिस्टर स्टेंडाल यांच्याकडून घे. ते स्टॉकहोमचे बिशप होते. 1985 मध्ये तिथे मॉर्मन पंथाच्या मंदिराला विरोध झाला, तेव्हा त्यांनी पत्रकारांसमोर तीन सूत्रं सांगितली. धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या अनुयायांना विचारा, शत्रूंना नको. आपलं सर्वोत्तम आणि त्यांचं सर्वात वाईट यांची तुलना करू नका. आणि दुसऱ्या धर्मातल्या कशाचा तरी हेवा वाटायला मनात जागा ठेवा. तिसरं सुंदर आहे, पण हेवा नियमानं वाटत नसतो, तेव्हा ते तुझ्या भाषणात नको. मधलं मात्र घेच, कारण ते मोडलं की लगेच ऐकू येतं. एका धर्माची करुणेची वचनं एका बाजूला आणि दुसऱ्या धर्माच्या नावावर झालेला हिंसाचार दुसऱ्या बाजूला, अशी तुलना सुरू झाली की अध्यक्षांनी एवढंच म्हणावं, ‘वचनांसमोर वचनं ठेवा, आचरणासमोर आचरण.’

याला जोडूनच एक वाक्य घाल. कुणाही प्रतिनिधीला त्याच्या समाजाच्या वतीनं जाब विचारायचा नाही. ‘तुमचे लोक असं का वागतात?’ हा प्रश्न निबंधाला विचारलेला नसतो.

नियम मोडला तर काय होणार, हे सांगितलं नाही तर नियम शोभेचे राहतात. ‘अध्यक्ष एकदा आठवण करून देतील, दुसऱ्यांदा तो प्रश्न लेखी घेतला जाईल आणि पुढच्याला बोलावलं जाईल,’ एवढं पुरे. पण हे प्रतिनिधींना सांगण्याआधी सगळ्या सत्राध्यक्षांना आदल्या संध्याकाळी एकत्र बसवून सांग, आणि वरचं ग्रंथाच्या काळाचं उदाहरण त्यांच्याकडून बोलून घे. व्यासपीठावर जाहीर केलेला नियम अध्यक्षांनाच नवा असेल, तर तो दुपारपर्यंतही टिकत नाही.

मोबाइलचंही बघायला हवं. चर्चेतली तीस सेकंदांची चित्रफीत बाहेर गेली की आतली माणसं प्रश्न विचारणं थांबवतात. लंडनच्या चॅटहॅम हाउस या संस्थेचा नियम 1927 पासून आहे: ऐकलेली माहिती वापरा, पण ती कुणी सांगितली हे उघड करू नका. निबंध नावानिशी उद्धृत होऊ देत, ते लेखकाचं कामच आहे. प्रश्नोत्तरांना मात्र हा नियम लाव आणि चित्रीकरण नाही हे तिथेच सांग.

प्रार्थनेबद्दल विचारलं आहेस. शिकागोत उद्घाटनाला कार्डिनल गिबन्स यांनी ख्रिस्ती प्रार्थना म्हटली होती. सगळ्यांची म्हणून ती म्हटली गेली तरी ती एकाच परंपरेची होती. सगळ्यांची मिळून प्रार्थना बेतायला गेलीस तर ती कुणाचीच होत नाही, आणि प्रार्थना न करणारे बाहेरच राहतात. प्रार्थना वगळ. हवं तर एक मिनिट शांतता ठेव; त्यात काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

लांबीचं म्हणशील तर सात मिनिटांच्या वर जाऊ नकोस. व्यासपीठावरून नीट ऐकू जाईल असं बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे हातात सात-आठशे शब्द. त्यातले दोनशे स्वागत आणि आभारांत जातील. पाहुण्यांची नावं मात्र धर्मांच्या क्रमानं न घेता आडनावांच्या अकारविल्हे क्रमानं घे, आणि क्रम तसा आहे हे बोलून दाखव. उरलेले शब्द व्याप्तीला आणि त्या दोन नियमांना दे. समारोपाची ओळ शोधत बसू नकोस. पहिल्या सत्राच्या अध्यक्षांचं नाव घेऊन त्यांच्याकडे ध्वनिक्षेपक सोपव.

नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. पाठवण्याआधी घड्याळ लावून एकदा मोठ्यानं वाच.

तुझा,
सर