संपादित ग्रंथाचा चिनी अनुवाद: प्रकरणांची भाषा आणि परिभाषा एकसारखी कशी ठेवावी?

प्रश्न: १२ लेखकांचं पुस्तक आम्ही चार जण चिनीत आणतोय. संज्ञा आणि सूर जुळवायचे कसे?

उत्तर: एका इंग्रजी शब्दाला एकच चिनी शब्द, असा नियम करू नका. ‘आयडेंटिटी’च घ्या. समाजातलं स्थान किंवा ओळखपत्रावरची ओळख असेल तर ‘शन्फन’, आपलेपणाची जाणीव असेल तर ‘रन्थोंग’, तत्त्वज्ञानातली एकरूपता असेल तर ‘थोंगयीशिंग’. सगळीकडे ‘शन्फन’ घातलंत, तर आपलेपणावरचं प्रकरण कागदपत्रांवरचं वाटेल. म्हणून संज्ञासूचीत शब्दासोबत अर्थ आणि नमुना वाक्य लिहा. एखादा लेखक संज्ञा मुद्दाम वेगळ्या अर्थाने वापरत असेल, तर वेगळा शब्द ठेवून तळटीप द्या. तो फरक पुसू नका.

सुराचं म्हणाल, तर लेखकाची लकब राहू द्या, स्वतःचा उल्लेख मात्र आधीच ठरवा. एकाच्या प्रकरणात ‘वो’ (मी) आणि दुसऱ्याच्यात औपचारिक ‘बीज’ (प्रस्तुत लेखक) आलं, तर मुळात नसलेला फरक दिसतो. ‘हा लेख’ म्हणणारं ‘बन्वन’ही हमखास निसटतं, पुस्तकात ‘हे प्रकरण’ म्हणजे ‘बन्जांग’ हवं.

शेवटी एकाच माणसाने प्रकरणांच्या क्रमाने न जाता एकेक संज्ञा सगळ्या पुस्तकात शोधून पाहावी. विसंगती तिथेच सापडते.