उरणच्या चिखलावर गोदाम: स्टोन कॉलम की प्रीलोडिंग?

प्रश्न: मी पुण्याचा. उरणजवळ गोदाम बांधायचंय, बोअरमध्ये ८ मीटर मऊ चिकणमाती लागली. एक जण स्टोन कॉलम सांगतो, दुसरा प्रीलोडिंग आणि सँड ड्रेन. काय करू?

उत्तर: मी पुण्यातच जिओटेकचं काम करतो. आपल्याकडे काळी माती उकरली की बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो; तो अंदाज खाडीकाठी चालत नाही. तिथली चिकणमाती पाण्याने भरलेली असते. भार आला की ते पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि जमीन तेवढी खचते.

हातात वर्षभर असेल तर प्रीलोडिंग, म्हणजे बांधकामाआधीच जमिनीवर तात्पुरता भार, आणि सँड ड्रेन, म्हणजे मातीत घातलेले वाळूचे उभे खांब, घ्या. गोदामाचा भार चौरस मीटरला ४ टन धरू. ३ मीटर मुरमाचा भराव साधारण ५.४ टन देतो, म्हणजे होणारं खचणं बांधकामाआधीच उरकतं. अडचण वेळेची. कन्सॉलिडेशनचा गुणांक, म्हणजे माती पाणी सोडून किती वेगाने दबते तो आकडा, वर्षाला १ चौरस मीटर आणि निचरा वरखाली दोन्हीकडे धरला, तर पाण्याला ४ मीटरपर्यंत वाट काढावी लागते. ९० टक्के खचण्यासाठीचा ठरलेला आकडा ०.८४८, म्हणून ०.८४८ × ४ × ४, म्हणजे साडेतेरा वर्षं! ३०० मिमीचे सँड ड्रेन दीड-दीड मीटरवर त्रिकोणी मांडणीत घातले की पाणी आडवं, जेमतेम पाऊण मीटर जातं आणि तेच काम हिशेबात साडेआठ महिन्यांत होतं. ड्रेन घालताना भोवतालची माती कालवली जाते, म्हणून मी वर्षच धरतो. तुमच्या रिपोर्टमधला गुणांक घालून हे पुन्हा काढून घ्या.

एक गैरसमज फार आढळतो: सँड ड्रेनने खचणं कमी होत नाही, फक्त लवकर होतं. भार न टाकता नुसते ड्रेन घालणं म्हणजे पैसे वाया.

भराव मात्र एका दमात टाकू देऊ नका. मातीची शिअर ताकद चौरस मीटरला १ टन असेल तर ती साधारण ५.१ टनांवर तुटते, आणि ३ मीटर भराव त्याहून जड आहे. दीड-पावणेदोन मीटरवर थांबा, पिझोमीटरमध्ये मातीतल्या पाण्याचा दाब उतरला आणि मातीची ताकद वाढलेली दिसली की पुढचा थर. भरावाच्या माथ्यावर लांब भेगा दिसल्या किंवा पायथ्याबाहेरची जमीन फुगली, तर डंपर त्याच क्षणी थांबवा आणि वरचा थर काढा. खचणं मोजणाऱ्या सेटलमेंट प्लेटचा आलेख आडवा झाल्याशिवाय भराव उचलू नका.

स्टोन कॉलममध्ये थांबावं लागत नाही. खडीचे खांब भाराचा मोठा वाटा उचलतात, थोडा निचराही करतात. खचणं बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही. शिवाय खडीला धरून ठेवते ती भोवतालची मातीच. ती फारच मऊ असली, म्हणजे ताकद दीड टनाच्या खाली गेली, की खांब वरच्या भागात फुगण्याची भीती असते. म्हणून कोटेशन मागवण्याआधी मातीची ताकद जागेवरच मोजणारी व्हेन शिअर चाचणी करून घ्या. आकडा १ टनाच्या आसपास आला तर मी तरी स्टोन कॉलम सुचवणार नाही.