रजा मागितली तर साहेब ‘बघू’ म्हणाले, आता पुढे?

अरे, ‘बघू’ म्हणजे होकार नाही. पहिल्या नोकरीत मी तो होकार धरला आणि गणपतीला निघायच्या दोन दिवस आधी पोर्टल उघडलं, तर अर्ज Pending.

‘बघू’च्या पाठोपाठ त्यांनी काही विचारलं का, ते आठव. ‘तुझं काम कोण बघेल?’ असं विचारलं असेल तर अडचण रजेची नाही, मागे राहणाऱ्या कामाची आहे. स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले असतील, तर ते विसरणार हे नक्की धर.

काहीही असो, त्याच दिवशी मेल टाक: ‘सर, 11 ते 15 रजा हवी आहे. स्टॉकचा रिपोर्ट 10 तारखेला देऊन जातो. रोजचे कॉल शेजारचा सहकारी घेईल, त्याच्याशी बोललोय. गुरुवारपर्यंत कळवलंत तर तिकीट काढता येईल.’ रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीत कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणून गुरुवार हा आरक्षणाच्या आधीचाच हवा.

उत्तर आलं नाही तर समोर जा. ‘हो की नाही’ विचारू नकोस, ‘यातला कोणता दिवस अडचणीचा आहे?’ असं विचार. बऱ्याचदा एखादाच दिवस अडलेला असतो. त्याआधी तिकीट काढलंसच, तर रद्द करायचे पैसे जातील हे धरून काढ.